फोटो उघडत नसेल तर नोटिशीतलं काय टाईप करायचं

पेरणीच्या धांदलीत आहात सगळे, पण आजची नोंद पिकाची नाही, कागदाची आहे. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या: लाईट जाते आणि टॉवरचं नेट जातं. नेमक्या त्याच दिवसांत घरी नोटीस येते, बाहेरगावच्या मुलाला फोटो पाठवला जातो आणि त्याच्याकडे नुसता धुरकट चौकोन दिसतो. फोटो डाऊनलोड होत नाही. कधी इकडच्या मोबाईलमधून कुणीतरी जागा करायला म्हणून फोटोच उडवलेला असतो. अशा वेळी साधा मेसेज मात्र जातो. व्हॉट्सअॅप चालत नसलं तरी एसएमएस जातो. म्हणून कागदातला कामाचा मजकूर टाईप करून पाठवता आला पाहिजे.

यंदाच्या जूनमधली गोष्ट सांगतो. नावं सांगत नाही, नंबरही बदललेत.

आमच्या भावकीतल्या एका आक्कांना तलाठ्याकडून (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफाराची नोटीस आली. मालक वारलेत, मुलगा पिंपरीला कंपनीत. शेजारच्या पोरानं फोटो पाठवला, तो तिकडे उघडलाच नाही. मग त्यानं फोनवर वाचून दाखवलं, "काकांनी सहा गुंठे विकलेत, त्याची नोटीस आहे." मुलाला वाटलं, काका त्यांच्या हिश्शातलं थोडं विकत असतील, विकू देत. विषय संपला.

दोन दिवसांनी आक्का कागद घेऊन माझ्याकडे आल्या. कागदावर क्षेत्र होतं ०.६०.००. म्हणजे शून्य हेक्टर, साठ आर, शून्य चौरस मीटर. एक आर म्हणजे आपण ढोबळ एक गुंठा धरतो. म्हणजे सहा नाही, साठ गुंठे. आख्खा गटच ८० आरचा, त्यात आक्कांच्या मालकांचा निम्मा, दिराचा निम्मा. ज्याचे ४० त्यानं ६० विकलेले. हरकत घ्यायला मुदत १५ दिवसांची, आणि त्यातले दोन दिवस असेच गेलेले.

नेट नव्हतंच. मी एसएमएस टाईप केला. तो असा होता:

नोटीस: फेरफाराची, नमुना ९, कलम १५०(२)
गाव, तालुका, जिल्हा: (पूर्ण लिहिले)
फेरफार क्र.: ३१७५
फेरफार दिनांक: १० जून
प्रकार: खरेदी
गट क्र.: २१४/२ (पुढे अ, ब काही नाही)
क्षेत्र: ०.६०.०० (साठ आर)
देणार: (छापले तसे)
घेणार: (छापले तसे)
दस्त क्र., वर्ष, दुय्यम निबंधक कार्यालय: (छापले तसे)
मुदत: "नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांचे आत"
हातात आली: १२ जून, सकाळी, आईच्या सहीने
न वाचलेले: खालच्या शिक्क्यातली तारीख

एवढंच. नोटिशीत याच्या चौपट मजकूर असतो, "आपणांस कळविण्यात येते की" वगैरे. तो लिहायची गरज नाही. पलीकडच्या माणसाला मूळ नोंद शोधता यावी आणि मुदत कळावी, एवढ्यासाठी लागतं तेच लिहायचं.

आता यातली एकेक ओळ का लागते ते सांगतो.

गाव, तालुका, जिल्हा आणि फेरफार क्रमांक ही किल्ली. शासनाची "आपली चावडी" म्हणून ऑनलाईन सोय आहे. तिथं जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावच्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात: फेरफार क्रमांक, प्रकार, तारीख, हरकतीची शेवटची तारीख आणि गट क्रमांक. मुलानं पिंपरीत बसून तेच उघडलं. आमचा फोटो त्याला दिसला नव्हता, पण मूळ नोंदच दिसली. म्हणून सांगतो, टाईप केलेला मेसेज हा फोटोच्या बदलीचा कागद नाही. त्यानं मूळ नोंदीपर्यंत पोचायचं असतं.

गट क्रमांक आणि फेरफाराचा प्रकार हा ताळा. फेरफार क्रमांकात एक आकडा चुकला तर भलत्याचीच नोंद उघडते. पण तिथं गट वेगळा दिसतो, किंवा खरेदीच्या जागी वारस किंवा बोजा दिसतो. तिन्ही जुळले तरच नोंद आपली. नुसता एक नंबर पाठवला तर चुकलंय हे कळायला मार्ग राहत नाही. गटाच्या पुढचा हिस्सासुद्धा पुरा लिहा. २१४/२ आणि २१४/२/अ ह्या दोन वेगळ्या जमिनी असू शकतात. पुढे काही नसेल तर "काही नाही" असं लिहा, नाहीतर समोरच्याला वाटतं की लिहायचं राहिलं असेल.

क्षेत्र आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहायचं. ०.६० मधलं शेवटचं शून्य फालतू नाही. कुणी ०.६ लिहितो, मग वाचणारा त्याचे सहा करतो. आमच्यात तेच झालं होतं. ०.०६ म्हणजे सहा आर, ०.६० म्हणजे साठ. कंसात "साठ आर" असे दोन शब्द लिहिले की घोटाळा मिटतो.

तारखांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण एका नोटिशीवर दोन-तीन तारखा असतात: फेरफार घातल्याची, नोटीस काढल्याची, कधी शिक्क्यातली. आणि जी तारीख कागदावर नसते ती सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे तुमच्या हातात आली ती तारीख. म्हणून प्रत्येक तारखेपुढे ती कशाची ते लिहा, आणि महिना अक्षरात लिहा. १०/०६ असं लिहिलं की अमेरिकन पद्धतीच्या मोबाईलवर काम करणारा त्याचा ऑक्टोबर करू शकतो. आमच्या बाबतीत १२ जूनला हातात आली, दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर १५ दिवस २७ जूनला भरतात. चावडीवर मात्र शेवटची तारीख २५ जून दिसत होती. अशा दोन तारखा दिसल्या की आधीची धरायची, भांडत बसायचं नाही. मुलानं २५ चीच धरली.

दस्त क्रमांक लागतो तो पुढच्या शोधासाठी. खरेदीखत नोंदवलेलं असतं, त्याचा नंबर, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय माहीत असलं की सूची क्रमांक २ काढता येते. नेमकं किती क्षेत्र आणि कुणी कुणाला दिलं हे त्यात असतं. नोटिशीत क्षेत्र छापताना चूक झाली असेल तर तीही तिथंच पकडली जाते. कार्यालयाच्या नावाचं लघुरूप आणि आकडे असे एकत्र छापलेले असतात, ते तोडून-जोडून न लिहिता आहे तसेच उतरवायचे.

आता दोन सवयी, ज्या मी स्वतः पाळतो.

पहिली, छापील मजकूर आणि आपलं मत वेगळं ठेवायचं. नाव चुकीचं छापलेलं असेल तर चुकीचंच लिहा, आपल्या मनानं दुरुस्त करू नका. आक्कांच्या नोटिशीत दिराचं नाव एक वेलांटी चुकून आलं होतं. मी तसंच लिहिलं. आणि जे वाचता येत नाही ते अंदाजानं भरू नका. "न वाचलेले" म्हणून खाली वेगळी ओळ द्या. शिक्क्यातली तारीख मला ११ वाटत होती, १७ सुद्धा वाटत होती. मी काहीच लिहिलं नाही.

दुसरी, आकड्यांची लिपी एकच ठेवायची. कागदावर अर्धं छापलेलं इंग्रजी आकड्यांत असतं आणि हातानं भरलेलं मराठीत. इंग्रजी शाळेत शिकलेली आपली पोरं मराठी ४ ला आठ वाचतात आणि मराठी १ ला नऊ. हसू नका, खरं आहे, घरात करून बघा. सगळं मराठीत लिहा नाहीतर सगळं इंग्रजीत. मग टाईप झाल्यावर कागद दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला आकडे मोठ्यानं वाचायला सांगा, आणि आपण मेसेजवर बोट ठेवून बघा. मी आक्कांच्या नातीला वाचायला लावलं. पाच मिनिटं लागली.

लाईट बिलाचं पण हेच गणित आहे, फक्त किल्ली वेगळी. महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो आणि बिलिंग युनिट चार अंकी. हे दोन बरोबर गेले की बाहेरगावचा माणूस बिल स्वतः ऑनलाईन बघतो. बारा अंक सलग लिहू नका, चार-चार-चार असे तोडून लिहा, म्हणजे मोजता येतात. अकरा भरले तर तिथंच कळतं. बिलाबद्दल तक्रार असेल तर आणखी तीन गोष्टी लिहा: मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि मोटारीचा मंजूर भार किती एचपी. रीडिंगच्या जागी आकडा नसून एखादा शब्द छापला असेल तर तो शब्द जसाच्या तसा लिहा. पाचची मोटार आणि बिलावर साडेसात, हा घोटाळा रक्कम बघून कळत नाही, या ओळीवरूनच कळतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये घालायची नाही: आधार नंबर. फेरफार शोधायला तो लागत नाही. आणि हा मेसेज ज्याला पाहिजे त्यालाच पाठवा, गावच्या ग्रुपवर टाकू नका. भावकीचा वाद चव्हाट्यावर आला की मिटायच्या ऐवजी वाढतो.

आणि याची मर्यादा पण लक्षात ठेवा. टाईप केलेल्या मजकुरावर हरकत नोंदली जात नाही. हरकत लेखी अर्जानंच द्यायची आणि त्याची पोच घ्यायची. म्हणून मूळ नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, नेट आलं की उजेडात पुन्हा फोटो काढा.

मुलगा १९ जूनला आला. सात-बाराचा उतारा, वारसाची नोंद आणि नोटीस जोडून अर्ज दिला, तारखेची पोच घेतली. आता नोंद तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये गेली आहे, मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी व्हायची आहे. निकाल काय लागेल तो लागेल. दीर म्हणतात, तोंडी वाटणी झाली होती, जास्तीचं माझ्याकडे होतं. ते त्यांनी तिथं सांगावं. पण आक्कांना न विचारता साठ आर मुदत संपून परस्पर नावावर चढले असते, ते तूर्त थांबलं.