अकरा शून्यं आणि काकांची वही

निवृत्त झाल्यापासून अमरावतीत माझ्याकडे प्रबंध तपासायला येतात. शुद्धलेखन बघा म्हणून येतात, पण आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाचं लक्ष शेवटी तक्त्यांवर जातंच. मागच्या उन्हाळ्यात दर्यापूरकडची एक मुलगी कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवरचा प्रबंध घेऊन आली. ‘संशोधनाच्या मर्यादा’ या पानावर तिचं अडलं होतं. तिच्या मार्गदर्शकांनी त्यावर एवढंच लिहिलं होतं : ‘प्रामाणिकपणे लिहा.’

तिने प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. वेळ अपुरा होता, नमुना लहान होता, प्रवासाची सोय नव्हती, म्हणून ‘प्रस्तुत निष्कर्ष ग्राह्य धरता येतील असे नाही.’ मी तिला विचारलं, “मग दीडशे पानं कशाला लिहिलीस?” ती हसली नाही. नम्रपणे लिहायचं म्हणून तिने स्वतःच्या कामावरच काट मारली होती, आणि खरी अडचण कुठे आहे ते त्या पानावर कुठेच नव्हतं. बसची सोय नसणं ही तिची गैरसोय झाली. वाचणाऱ्याला हवं असतं ते वेगळं : त्या गैरसोयीने कुठला आकडा बिघडला, आणि कोणत्या बाजूला.

काम काय होतं ते आधी सांगतो. दर्यापूर ते अकोट पट्ट्यातल्या तीन गावांत अठरा शेतं, प्रत्येक शेतात दोन कामगंध सापळे, सप्टेंबर ते नोव्हेंबर असे बारा आठवडे. ल्युर दर तीन आठवड्यांनी बदललेली. सापळ्यात नर पतंग किती अडकले आणि पुढच्या आठवड्यात हिरव्या बोंडांत अळी किती सापडली, यांचा मेळ बसतो का, हा प्रश्न. प्रत्येक शेतातली वीस हिरवी बोंडं दर आठवड्याला तोडून, चिरून पाहिलेली. 2017 च्या हंगामात बोंडअळीने विदर्भाची कपाशी खाल्ली, तेव्हापासून हा प्रश्न आमच्याकडे पारावरसुद्धा चालतो.

मी तिची मूळ नोंदवही मागितली. प्रबंधातल्या तक्त्यात काही ठिकाणी शून्य होतं, आणि त्याच आठवड्यात त्याच शेतातल्या दुसऱ्या सापळ्यात चाळीसच्या वर पतंग. एकाच धुऱ्याच्या आत असं सहसा होत नाही. वहीत त्या जागी पेन्सिलीने ‘रोही’ असं लिहिलेलं होतं. रोह्यांनी सापळा पाडला होता. टंकताना ती जागा रिकामी दिसू नये म्हणून तिने शून्य भरलं. अशी अकरा शून्यं निघाली.

“हे मर्यादांमध्ये लिहू का, सर?”

नाही. ही मर्यादा नव्हे, ही चूक, आणि चूक दुरुस्त करता येत असेल तर ती कबूल करून मोकळं होता येत नाही. एका सापळ्यात 42 पतंग, दुसरा पडलेला. शून्य धरलं की सरासरी 21, म्हणजे रात्रीला तीन. रिकामी जागा रिकामी ठेवली तर रात्रीला सहा. तिने अकराही जागा मोकळ्या केल्या आणि सगळी गणितं पुन्हा केली. त्यात चार दिवस गेले. मर्यादांच्या पानावर त्यातलं एकच वाक्य आलं : अकरा नोंदी उपलब्ध नाहीत, त्या आठवड्यांत एकाच सापळ्याची पकड धरली आहे.

खरी मर्यादा पुढे सापडली. फवारणीची वेळ ठरवणारी आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग. रोज सकाळी मोजायला हवं. ही मुलगी दर रविवारी जायची, आठवड्याची पकड मोजायची आणि सातने भागायची. प्रबंधाच्या सारांशात मात्र ठामपणे लिहिलं होतं, की बहुतेक आठवड्यांत पातळी ओलांडलीच नाही, सबब फवारणीची गरज नव्हती.

“रोज कोणीच मोजलं नाही?”

“एका शेतात काकांनी मोजले होते, तीन आठवडे. पण एकच शेत म्हणून मी घेतले नाहीत.”

पुढच्या खेपेला ती काकांची वही घेऊन आली. शाळेची दोनशे पानी, मागच्या बाजूने सुरू केलेली, तारखेपुढे आकडा. एका आठवड्याचे आकडे असे होते : 8, 9, 11, 3, 2, 1, 1. बेरीज 35, भागिले सात, पाच. तिच्या तक्त्यात त्या आठवड्यापुढे ‘पातळीखाली’. काकांच्या वहीत मात्र सलग तीन रात्री पातळी गाठलेली. ती बराच वेळ त्या आकड्यांवर बोट ठेवून बसली.

आता लिहिण्यासारखं काही हाती आलं. आठवड्याच्या सरासरीत तीन रात्रींचा उसळा बुडून जातो, म्हणून पातळी ओलांडल्याचे आठवडे या अभ्यासात कमीच दिसणार. मर्यादेची दिशा कळली की वाचणाऱ्याला तिचा उपयोग होतो. ‘अचूकतेवर परिणाम झाला असू शकतो’ या वाक्याचा कोणालाच होत नाही. आणि काय शाबूत राहिलं तेही त्याच दमात सांगायचं. सगळ्या शेतांत मोजण्याची पद्धत एकच, म्हणून कुठे जास्त पकड आणि कुठे कमी, ही तुलना टिकते. बोंडं चिरून पाहिली त्या मोजणीचा रोजच्या नोंदीशी संबंधच नाही. आठवडी पकड आणि पुढच्या आठवड्याचं बोंडांचं नुकसान यांचा मेळ हाच तिचा मूळ प्रश्न होता, तो या मर्यादेतून सुटला.

शेवटी परिच्छेद असा झाला : ‘पतंगांची मोजणी आठवड्यातून एकदा केली आहे. आर्थिक नुकसानीची पातळी सलग तीन रात्रींच्या पकडीवर ठरते. ती गाठल्याचे काही आठवडे साप्ताहिक सरासरीत लपले असण्याची शक्यता आहे. एका शेतातील तीन आठवड्यांच्या दैनंदिन नोंदींत असा एक आठवडा आढळला (परिशिष्ट पाहा). त्यामुळे फवारणी केव्हा करावी हे या अभ्यासावरून ठरवू नये. शेतांमधील तुलना व बोंडांच्या नुकसानीशी असलेला संबंध साप्ताहिक पकडीपुरता ग्राह्य आहे.’

हे लिहून झाल्यावर ती सुटल्यासारखी उठली. मी तिला परत बसवलं. सारांशात ते ‘सबब फवारणीची गरज नव्हती’ अजून जागेवर होतं, आणि शिफारशींत तर ठळक अक्षरांत. मर्यादांच्या पानावर एक आणि सारांशात दुसरं, असं मी निम्म्या प्रबंधांत पाहतो. सारांश सगळे वाचतात, ते पान कोणी उघडत नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. तिला ते वाक्य काढणं जड गेलं. शेतकऱ्याला सांगण्यासारखं तेवढंच आहे, असं तिचं म्हणणं. पण तेच ऐकून कोणी फवारणी टाळली असती तर?

बाकीच्या मर्यादा पटकन उरकल्या. फवारण्या शेतकऱ्यांनी आठवून सांगितलेल्या. पकड वाढलेली पाहून कोणी फवारलं असेल तर नुकसान घटलं, म्हणजे मेळ आहे त्यापेक्षा कमी दिसला असेल. एकच हंगाम, तोही खारपाणपट्ट्यातला. अचलपूरकडच्या ओलिताच्या कपाशीबद्दल यातून बोलता येणार नाही. ‘भविष्यात अधिक संशोधन व्हावे’ खोडलं, त्याजागी ‘रोजची मोजणी किमान सहा शेतांत व्हावी’ घातलं.

काकांच्या वहीची झेरॉक्स परिशिष्टात गेली. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात कृषी केंद्राच्या उधारीचा हिशेब होता, तो कागद ठेवून झाकावा लागला. ऋणनिर्देशात काकांचं नाव घालायचं ठरलं, तर त्यांनी फोनवरूनच झिडकारलं : “माह्यं नाव कायले टाकून रायली? आकडे टाक.”