आजोबांची सात वर्षं

आमच्या घरात भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. त्याखाली पांढऱ्या अक्षरांत जन्म 1946, निधन 2009. या दोन आकड्यांवर आम्ही नातवंडांनी आजोबांची किती थट्टा केली ते आता आठवलं तरी कसंतरी होतं. आजोबा सांगायचे, 14 ऑक्टोबर 1956 ला मी नागपूरला होतो, आईच्या जुन्या लुगड्याचं पांढरं धोतर नेसून गेलो, गर्दीत बायाबापड्यांना पाणी पाजलं, बाबासाहेबांच्या मागे बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. आम्ही बोटं मोजायचो. छप्पन वजा सेहेचाळीस, दहा. दहा वर्षांचं पोर गावाहून एकटं नागपूरला? पाणी पाजलं? आजोबा हसायचे आणि गप्प बसायचे. खोटं पकडलं गेलं म्हणून गप्प बसतात, असं आम्हाला वाटायचं.

गेल्या वर्षी भाची बारावी सायन्सला गेली आणि जातवैधता प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहिला. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर हे लागतंच. ज्यांनी यातून गेलं आहे त्यांना माहीत आहे की सगळं गाडं एका तारखेपाशी अडतं, 10 ऑगस्ट 1950. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला, म्हणून त्या तारखेच्या आधीचा, वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातल्या कुणाचा तरी जात लिहिलेला कागद सगळ्यात भक्कम मानला जातो. आपण बौद्ध. पण बौद्ध म्हणून मिळणारा हक्क सिद्ध करायला कागदावर ‘महार’ दाखवावं लागतं. यावर आपल्यात वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण भाचीचा अर्ज त्या वादाच्या निकालासाठी थांबणार नव्हता.

वडिलांचा शाळेचा दाखला होता, त्यावर ‘बौद्ध’. आजोबांचा काहीच नाही. आजोबा चौथी शिकलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आमच्या भावाने वर्धा जिल्ह्यातल्या मूळ गावी शाळेत अर्ज केला. जन्म 1946 म्हणजे पहिलीत 1952-53 च्या सुमारास, असा हिशोब धरून त्याने 1951 ते 1955 ची नोंद मागितली. उत्तर आलं, नोंद आढळून येत नाही. आणि आढळली असती तरी ती 1950 नंतरचीच, म्हणजे हवी तितकी कामाची नाही. भावाने हात टेकले. इथेच आमची चूक होती आणि ती पुढे अनेकांच्या बाबतीत दिसली: शोध चुकीच्या वर्षांत घेतला जातो आणि ‘नोंद नाही’ हा शब्द अंतिम मानला जातो.

आजोबांची लोखंडी पेटी माळ्यावर होती. आजी गेल्यापासून कुणी उघडली नव्हती. आम्ही ती उघडली ती खरं तर मालकी पट्ट्याचा कुठला कागद मिळतो का म्हणून. आत धम्मपदाची जुनी प्रत, एक निळी टोपी, पगाराच्या स्लिपा. तळाला वर्तमानपत्र घातलेलं होतं. पेटीच्या तळाला वर्तमानपत्र सगळेच घालतात, पण हे चारही कडांना खळीने चिकटवलेलं होतं. ते सोडवलं तर खाली चार घड्या घातलेला पिवळा कागद निघाला, प्राथमिक शाळेचा दाखला.

शाई तपकिरी होऊन जवळजवळ कागदाच्याच रंगाची झालेली. घडीच्या रेषेवरची अक्षरं गेलेली. आम्ही तो उन्हात नेला नाही, खिडकीपाशी नेऊन मोबाइलने फोटो काढला आणि फोटोचा काळोख-उजेड कमीजास्त करत वाचला. एक गोष्ट हात जोडून सांगतो: असा कागद सापडला तर लॅमिनेशन करू नका आणि पुसट अक्षरं पेनने गिरवू तर अजिबात नका. गिरवलेला कागद म्हणजे खाडाखोड केलेला कागद, मग तुम्ही कितीही खरे असा.

वाचता आलं ते असं. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, आडनाव नाही. जात महार. जन्मतारीख 1-7-1939. शाळेत दाखल 2-7-1946. चौथी पास, शाळा सोडली 30-4-1950.

आम्ही आधी शेवटची तारीख पाहिली. 10 ऑगस्टच्या सव्वातीन महिने आधीची. मग नजर वर गेली. 1939.

समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला कागदावर शंका घ्यायची सवय असते. 1 जुलै ही तारीख पाहूनच आम्ही समजलो की ती आईबापाने सांगितलेली नाही. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे दाखले काढून बघा, कुणाची 1 जून, कुणाची 1 जुलै. पोराला शाळेत घातलं त्या दिवशी गुरुजींनी अंगलटीवरून ‘सात वर्षांचा’ असं ठरवलं आणि सात वर्षं मागे जाऊन आदल्या दिवसाची तारीख लिहून टाकली. म्हणजे जन्मतारखेचा रकाना हा अंदाज आहे. पण दाखल झाल्याचा रकाना अंदाज नाही, तो त्या दिवशी घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. 1946 साली जन्मलेलं मूल 1946 साली पहिलीत बसू शकत नाही. वर्षभर इकडेतिकडे असू शकतं, सात वर्षांचा फरक मात्र गुरुजींच्या चुकीने पडत नाही.

मग भावाने पुन्हा त्याच शाळेत अर्ज केला, या वेळी 1946 सालचा. दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात सगळ्यात खाली होतं. नोंद होती, दाखल्याशी जुळणारी. तिचा प्रमाणित उतारा घेतला, कारण नुसत्या जुन्या दाखल्यावर समिती थांबत नाही, दक्षता पथक मूळ रजिस्टर बघतंच.

जन्मवर्ष मात्र आम्हाला नक्की करायचं होतं, अर्जासाठी नाही, आमच्यासाठी. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मिळतो, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिलेले असतात: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचं नाव बहुतेक नसतंच, कारण ते ठेवण्याआधी नोंद झालेली असते. आम्ही 1937 ते 1944 ची पानं मागितली. पणजोबांच्या नावापुढे तीन जन्म निघाले. नोव्हेंबर 1938 मध्ये मुलगा. 1941 मध्ये मुलगा. 1943 मध्ये मुलगी.

मुलगी म्हणजे आजोबांची बहीण, आमची आत्याआजी. पण मुलगे दोन, आणि आजोबा त्यांतले कोणते? घरात दुसऱ्या भावाचं नावही कधी निघालं नव्हतं. म्हणून मृत्यूची पानं उलटली. 1942 च्या पावसाळ्यात, पणजोबांच्याच नावापुढे, मुलगा, वय एक वर्ष, कारण ताप. चार शब्दांत एक लेकरू आलं आणि गेलं. राहिला तो नोव्हेंबर 1938 चा, म्हणजे आजोबा. गुरुजींचा अंदाज साताठ महिन्यांनी चुकला होता, एवढंच.

म्हणजे 14 ऑक्टोबर 1956 ला आजोबा अठराव्याला महिनाभर कमी होते. आम्ही अभिलेख कक्षाच्या बाकावर बसून हा हिशोब केला आणि बराच वेळ उठलो नाही.

1946 कुठून आलं ते वडिलांना विचारलं. वडील आधी चिडले. “माझा बाप खोटं बोलला असं लिहून देऊ का तुम्हाला?” दोन दिवसांनी स्वतःच बोलायला बसले. 1965 साली आजोबा कारखान्यात लागले. भरतीला पंचवीसच्या आतलेच पाहिजेत होते आणि आजोबा सव्वीसचे. दाखला दाखवला तर दारातूनच परत. गावच्याच एका ओळखीच्याने सांगितलं, दाखला नाही म्हण, वय डॉक्टर ठरवेल. डॉक्टरने दात पाहिले, छाती मोजली, एकोणीस लिहिलं. सव्वीस वर्षांचा माणूस एकोणीसचा दिसतो तो का, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

त्या एकोणीसची किंमत आजोबांनी शेवटी चुकवली. अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे कागदावर 2004. शेवटची वर्षं ते भट्टीच्या खात्यात उभे राहून काम करत होते, पासष्टीचं शरीर घेऊन. घरी येऊन ओसरीवर आडवे व्हायचे तेव्हा आजी म्हणायची, पन्नाशीतच म्हातारे झाले. सुपरवायझर कामचुकार म्हणायचा. आणि आजोबा कुणालाच सांगू शकत नव्हते, कारण सांगितलं तर नोकरी, फंड, सगळंच जाईल ही भीती. म्हणून दाखला वर्तमानपत्राखाली चिकटवला. फाडला मात्र नाही. घरातला पहिला शिकलेला माणूस, चौथी पासचा कागद फाडेल कसा?

आजोबांना खोटारडे म्हणणाऱ्यांत आमच्याच एका कार्यकर्त्या मित्राचाही समावेश आहे. तो म्हणतो, बावीस प्रतिज्ञांत खोटं बोलणार नाही हीसुद्धा आहे. आहे. आमच्याकडे त्यावर तयार उत्तर नाही. एवढं विचारतो की मुदतीत जन्माला आल्याचा कागद ज्याला कुणी दिला नाही, ज्याची जन्मतारीख गुरुजींनी ठरवली आणि वय डॉक्टरने, त्याने नेमकं कोणत्या खऱ्यापासून फारकत घेतली?

अर्जात अडचण आलीच. खिडकीवरच्या बाईंनी मृत्यू दाखला पाहिला, वय 63. शाळेचा उतारा पाहिला, जन्म 1939. “हा दुसराच माणूस दिसतो.” समिती जात तपासते, वय नाही, पण माणूस तोच आहे हे आपल्याला दाखवावं लागतं. आम्ही वंशावळीचं शपथपत्र जोडलं, त्यात दोन जन्मवर्षं का दिसतात ते सरळ लिहिलं, लपवलं नाही. कोतवाल बुकाची तिन्ही जन्मांची आणि त्या एका मृत्यूची नक्कल जोडली, म्हणजे पणजोबांचा जगलेला मुलगा एकच हे दिसेल. दक्षता पथकाने गावी जाऊन आत्याआजीचा जबाब घेतला. भाचीची वैधता प्रवेशाच्या मुदतीच्या नऊ दिवस आधी हातात आली.

आत्याआजी आता ऐंशी ओलांडून आहे. ती आयुष्यभर आजोबांना दादा म्हणायची आणि आम्ही तिला सांगायचो, आजी, तो तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, कागद बघ. नक्कल घेऊन गेलो तेव्हा तिने ती हातात धरली, वाचता येत नाही तरी नीट पाहिली.

“मी केव्हाची सांगून राहिली,” ती म्हणाली, “मले कडेवर घेऊन फिरे तो. लहान भाऊ कुठं कडेवर घेते का, बाप्पा?”