शेपटीतला नकार

८ एप्रिल २०२४, निशिकासाई, तोक्यो

आज दोन तासांचं काम माझ्या हातानं घालवलं. ऑफिसच्या संगणकावर फाइल बंद करताना तीन बटणं येतात: 保存(S), 保存しない(N) आणि キャンセル. गेला आठवडाभर मी त्या चौकोनी अक्षरांकडे बघतच नव्हते. कंसातल्या S आणि N वर भागत होतं. आज दुसऱ्याच एका प्रोग्राममध्ये तशीच चौकट आली, पण कंस गायब. 保存 ओळखीचं वाटलं, म्हणून ते दिसलेलं पहिलं बटण दाबलं. ते होतं 保存しない.

रात्री लेकाला दाखवलं. तो इथल्या शाळेत चौथीत आहे. म्हणाला, "आई, तू शेवट वाचतच नाहीस."

होझोन म्हणजे जपून ठेवणे. मागचं शिनाइ म्हणजे 'करत नाही'. आपल्या 'ठेवत नाही'सारखंच, नकार शेपटीत. मराठी ऐकताना माझा कान शेवटच्या 'नाही'साठी थांबतो. पडद्यावर मात्र डोळ्याला इंग्रजीची सवय, नकार आधी दिसायला हवा.

९ एप्रिल

फोनची भाषा जपानी केली. त्याआधी परतीची वाट कागदावर उतरवून पाकिटात ठेवली: दातेरी चाक 設定, मग 一般, मग 言語と地域. तिसऱ्यातली पहिली दोन अक्षरं म्हणजे 'भाषा'. 言 एकटं उभं आहे आणि लगेच शेजारच्या 語च्या डाव्या अंगाला पुन्हा तेच. हे जुळं सापडलं की घर सापडलं.

१४ एप्रिल

फोनवर पाच दिवसांत सगळं 'यायला' लागलं होतं, म्हणून संशय आला. डावीकडे वरचं बटण मागे नेतं, लाल अक्षरं पुसतात. वाचायची गरजच काय? तेव्हा बत्तीस शब्द कार्डांवर एकाच काळ्या पेनानं लिहिले आणि पिसले. जागा गेली, रंग गेला, आणि त्यांच्याबरोबर माझे तेरा शब्दही गेले.

सर्वांत जास्त घोळ 設定 (सेत्तेइ, सेटिंग) आणि 許可 (क्योका, परवानगी) यांचा. दोघांची पहिली अक्षरं अकरा-अकरा रेघांची आणि दोघांच्या डाव्या अंगाला तेच 言. मग पहिलं अक्षर सोडून दुसरं बघायला लागले. 定वर छप्पर आहे. 可मध्ये आडव्या दांडीखाली चौकोनी डबा लटकतोय. गोंधळ संपला.

ही युक्ती लगेच 削除 (साकुजो, पुसून टाकणे) आणि 解除 (काइजो, लावलेलं काढणे) यांच्यावर आपटली, कारण इथे दुसरं अक्षरच सारखं. फोनचं कुलूप उघडण्यातही 解除 येतं, त्यात काही नष्ट होत नाही. इथे पहिल्याकडे बघायचं: 削च्या उजवीकडे दोन उभ्या रेघा आहेत, ती सुरी. सुरी दिसली की बोट मागे.

१९ एप्रिल

एटीएममध्ये तीस हजार येन काढायचे होते. इथे शून्यं मोजत बसायला नको. ३ दाबून 万, म्हणजे दहा हजारांची कळ, दाबली की झालं. मी 千 दाबलं आणि पडद्यावर तीन हजार. खोडायला 取消 दाबलं, तर यंत्रानं कार्डच बाहेर ढकललं. मागे रांग. 取消 (तोरिकेशि) सगळा व्यवहारच मोडतं. आकडा दुरुस्त करायचा तर 訂正 (तेइसेइ). दोन नवी कार्डं.

२८ एप्रिल

चौतीसपैकी चार अजून चुकतात. त्यांतली दोन म्हणजे 戻る आणि 元に戻す. मोदोरु म्हणजे आपण मागे जाणे. मोतो नि मोदोसु म्हणजे केलेलं पूर्वपदाला नेणे. फिरणे आणि फिरवणे. लिहिताना चुकून परिच्छेद पुसला, आणि मी मागे मागे जात राहिले. परिच्छेद कसा येणार? मी फिरले, त्याला फिरवलं नाही.

या 戻ची जुनी घडण 戾 होती: दार आणि त्याखाली कुत्रा. दाराखालून अंग वाकवून निघणारा कुत्रा, असा जुना अर्थ सांगतात. नव्या लिपीत कुत्र्याचा ठिपका गेला आणि 大, म्हणजे 'मोठा', उरलं. मला मात्र तो कुत्राच दिसतो, त्यामुळे हे अक्षर आता विसरणं अशक्य.

संध्याकाळी नकाशाच्या ॲपनं तीन ओळी समोर ठेवल्या: 1度だけ許可, アプリの使用中は許可, 許可しない. एकदाच, वापरतेय तोवर, नाही. तिन्हींत क्योका. लेक शेजारी गप्प बसून माझ्या बोटाकडे बघत होता. मी तिन्ही ओळी शेवटापर्यंत वाचल्या आणि मधली दाबली.

"बरोबर," तो म्हणाला, आणि नकाशा बघायला फोन घेऊन गेला.