‘सौ.’ कोणाच्या आयुष्याचं?

आपल्या लग्नपत्रिकांवर वर तथागत आणि बाबासाहेब असतात, खाली मुलाच्या नावाआधी ‘चि.’ आणि मुलीच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’. हे उलगडून वाचा. मुलाला दीर्घायुष्य. मुलीलाही ‘चि.’ मिळतो, पण लगेच ती ‘सौभाग्यकांक्षिणी’ होते, म्हणजे नवरा जिवंत राहावा अशी इच्छा धरणारी. लग्नानंतर ‘कां.’ गळतो आणि ‘सौ.’ उरतो. नवरा गेला की तोही जातो. पुरुषाचा ‘श्री.’ मात्र लग्नाआधी, लग्नानंतर, बायको गेल्यावरही तोच.

कळवणला माझी मावशी अनेक वर्षं बचत गटाची अध्यक्ष आहे. काका वारले. जलदान विधीच्या पत्रिकेत त्यांच्या नावाआधी ‘कालकथित’ आणि तिच्या नावाआधी ‘श्रीमती’ छापून आलं. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीतलंही ‘सौ.’ कुणीतरी खोडून ठेवलं होतं. ठराव झाला नव्हता, तिला विचारलंही नव्हतं. तिचं काम तेच, सही तीच. बदलला होता तो नवऱ्याचा हिशोब.

‘सगळ्यांना श्रीमती लिहा’ म्हणणारे आहेत. सरकारी पत्रात तसं लिहिलंही जातं. पण घराघरात श्रीमती म्हणजे विधवा असाच अर्थ मुरलेला आहे. म्हणून आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका यादीत ‘श्रीमती’ दिसताच ‘अहो, आमचे मिस्टर आहेत’ म्हणत दुरुस्ती करून घेतात. त्यांना दोष का द्यावा? विधवेला हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्या समाजात हा शब्द अंगाला चिकटला तर काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गं. भा.’, म्हणजे गंगाभागीरथी, वापरण्याचा प्रस्ताव चर्चेसाठी पुढे केला. टीका झाल्यावर हा निर्णय नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. शब्द सोवळा झाला तरी खूण राहतेच.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांची सांगड जातीबंद लग्नाशी घातली आहे. बाई कुमारी की सधवा की विधवा, हे जातीला सतत माहीत असावं लागतं. ही अक्षरं तीच नोंद कागदावर ठेवतात.

आपल्याकडे ‘आयुष्मती’ आहे. तो बाईच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलतो, नवऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. पण आपलेच लोक ‘आयुष्मती सौ.’ लिहितात, म्हणजे दार उघडून पुन्हा कडी लावतात! यंदा आमच्या जयंतीच्या पत्रिकेत सगळ्या बाया आणि पुरुषांच्या नावाआधी फक्त ‘आयु.’ छापायचं ठरलं. प्रेसवाल्याने प्रुफात सवयीने ‘सौ.’ घातलेच. ते काढायला दोन फेऱ्या झाल्या. एका ताईंनी विचारलं, ‘लोकांना वाटेल आमचे हे गेले.’ वाटू द्या, असं म्हणायला मला सोपं आहे. त्यांना उद्या बाजारात उत्तरं द्यायची आहेत. म्हणून आम्ही कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी एक ओळ टाकली: ‘समितीतील सर्वांची नावे समान उपाधीने छापली आहेत.’