आडवं माप, तिरकं माप

रेलिंगच्या धंद्यात माझा पहिला पाइप एक हात कमी पडला. हे बोलण्याच्या ओघात म्हणत नाही, खरंच एक हात. जिन्याच्या नऊ पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरी 250 मिलिमीटर रुंद. खालच्या खांबापासून वरच्या खांबापर्यंत जमिनीवर टेप लावला, 2250 आले, तेवढा पाइप कापला. जिन्यावर नेऊन धरला तर वरचा खांब 45 सेंटिमीटर लांब राहिला. उस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "जिना काय झोपलाय का?"

पायरी 165 चढते आणि 250 पुढे जाते. या दोन्हींचा वर्ग करून बेरीज घेतली आणि मूळ काढलं, की तिरकं अंतर जवळजवळ 300 येतं. म्हणजे एका पायरीमागे पाच सेंटिमीटर वाढतात, नऊ पायऱ्यांत 2700 होतात. हिशेब नको असेल तर पायऱ्यांच्या नाकांवरून दोरी ताणावी आणि दोरीच मोजावी. मी अजूनही दोन्ही करतो. गवंड्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या नसतात, आणि ते दोरीला कळतं, गणिताला नाही.

हा धडा मी इतका मनावर घेतला की पुढच्या वेळी तोच नडला. जिना याच मापाचा होता, शिवाय वर बाल्कनी. उभे पाइप किती लागतील ते मी तिरक्या मापावर काढलं. खांबाची जाडी वजा करून 2650, गाळा 100, पाइप 25 जाडीचा, हिशेबाने 21 नग आले. उभे करून लावले तेव्हा गाळे जेमतेम 76 चे. घरमालकीणबाई म्हणाल्या, "दादा, हा जिना आहे की कोंबड्यांचा खुराडा?"

उभा पाइप ओळंब्यात उभा असतो. दोन उभ्यांमधून मुलाचं डोकं जाईल का, हे आडव्या अंतरावर ठरतं, उताराच्या लांबीवर नाही. त्यामुळे हँडरेलला तिरकं माप आणि उभ्यांच्या संख्येला आडवं, एकाच जिन्यावर. आडवं मोकळं अंतर 2200. त्यातून एक गाळा वजा केला, 2100 राहिले. एक पाइप आणि एक गाळा मिळून 125 होतात, त्याने भागलं की 16.8. म्हणजे 17. चार पाइप काढावे लागले.

हा पूर्णांक नेहमी वरच धरायचा. बाल्कनीत भिंत ते भिंत 2950 होते. त्याच रीतीने 22.8 आले. कारागीर म्हणाला, बावीस पुरे, एका पाइपाने काय बिघडतं? बावीस लावले तर प्रत्येक गाळा 104 चा होतो, तेवीस लावले तर 99 चा. माझ्या पेटीत शंभर मिलिमीटरचा लाकडी ठोकळा असतो. गाळ्यातून तो पार गेला की काम नापास, मग वाद नाही.

खुणा करताना एका पाइपापासून पुढचा मोजत गेलं की फसलंच. प्रत्येक वेळी मिलिमीटर सरकला तरी शेवटच्या गाळ्यात पार दोन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि पाहुण्याची नजर नेमकी तिथेच जाते. टेप पहिल्या भिंतीला अडकवायचा आणि तो न हलवता सगळ्या खुणा करायच्या. जिन्याच्या पाइपावर मात्र खुणा तिरक्या अंतरानेच कराव्या लागतात. तिथे 124 ऐवजी 148 वर खूण, म्हणजे ओळंब्यात गाळा बरोबर येतो.

खरेदीतही असाच एक खड्डा आहे. काढलेले चार सोडून सगळे मिळून चाळीस उभे, प्रत्येकी 880 लांब. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला, 35.2 मीटर. सहा मीटरचे सहा पाइप पुरतात, म्हणाला. पण एका पाइपातून अखंड तुकडे निघतात सहाच, कटरची घट धरून मागे 70 सेंटिमीटरचा तुकडा उरतो. सहा पाइपांचे छत्तीस झाले. चार उभ्यांसाठी सातवा आणावाच लागतो. वरच्या हँडरेलला मात्र नशीब होतं: जिन्याचे 2700, खांबांपुढे दोन्हीकडे थोडं, आणि बाल्कनीचे 2950, मिळून 5.8 मीटर. एकच पाइप पुरला.

काढलेल्या चार उभ्यांपैकी दोन पुढच्या कामात गेले. एक बायकोने परसात दोडक्याच्या वेलाला रोवला. चौथा अजून वर्कशॉपच्या शटरला आतून अडसर म्हणून लावतो. नवा पोरगा विचारतो, याची दोन्ही टोकं तिरकी का कापलीत?