चिन्नोरचा वास व्हिडिओत येत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आम्ही आणि शेजारचे काही शेतकरी चिन्नोर धान लावतो. त्याची भरडाई करून मी तो पाकिटात विकतो. पाककृतींचे व्हिडिओ करणाऱ्या नागपूरच्या एका ताईंना पत्र लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. चिन्नोरचं नाव आहे ते वासासाठी, आणि वास काही पडद्यावर दिसत नाही.

म्हणून ‘छान व्हिडिओ करा’ असं लिहायचं टाळलं. काय दिसायला हवं तेच लिहिलं: तळहातावरचा बारीक दाणा, झाकण उघडल्यावरची वाफ आणि ताटातला साधा वरणभात. बिर्याणी नको, मसाल्यात हा तांदूळ हरवतो. मी मागच्या हंगामातला जुना तांदूळ पाठवणार होतो, तेही कळवलं. नव्याचा भात चिकटतो, जुन्याला पाणी जास्त लागतं.

काय म्हणायचं नाही, यावर मात्र अर्धं पान गेलं. ‘शुगरवाल्यांना चालतो’ हे वाक्य नको. माझ्याकडे त्याचा पुरावा नाही. भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे, पण ते चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी लागते. माझी अजून झालेली नाही, तेव्हा चिन्हही दाखवू नका.

पैशाचं सरळ लिहिलं: आठ हजार रुपये, अर्धे आधी, अर्धे व्हिडिओ टाकल्यावर. पाच किलो तांदूळ वेगळा, तो मानधनात धरलेला नाही. मसुदा एकदा पाहीन, पण फक्त चुकीची माहिती दुरुस्त करीन. त्यांच्या बोलण्याच्या ढंगाला हात लावणार नाही. तोच व्हिडिओ माझ्या जाहिरातीत तीन महिने वापरेन, पुढे वापरायचा झाला तर पैसे वेगळे.

‘जाहिरात’ ही पाटी आवश्यक. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पंधरा सेकंदांहून मोठ्या आणि दोन मिनिटांहून छोट्या व्हिडिओत ती एक तृतीयांश वेळ दिसावी लागते. आमचा नव्वद सेकंदांचा, म्हणजे तीस सेकंद. पैसे न देता नुसता तांदूळ पाठवला असता तरी हे सांगावंच लागलं असतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो जाहिरात करणाऱ्या चेहऱ्यालाही लागतो.

सहा महिने दुसऱ्या कुणाच्या तांदळाचा व्हिडिओ नको, असंही मी लिहिलं होतं. ताईंनी ते खोडून एक महिना केलं. आठ हजारांत सहा महिने बांधून घेणं मलाही जडच वाटत होतं. त्यांनी स्वतःची एक अटही घातली: आधी घरी शिजवून बघेन, आवडला नाही तर आगाऊ रक्कम परत. मी मान्य केलं, फक्त इतकं जोडलं, की भात बिघडला तर आधी शीत बोटांत दाबून बघावं. मधे कडक पांढरा ठिपका लागला तर पाणी कमी पडलंय. मग अर्धी वाटी वाढवून पुन्हा लावावा आणि त्यानंतर नापसंती कळवावी.