नाकाखालचा गॅस

गॅसचा तो सडक्या कांद्यासारखा वास गॅसचाच असतो, असं मी चाळिशीपर्यंत धरून चाललो होतो. आणि गळलेला गॅस धुरासारखा वर जातो, हेही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराची जाळी छताजवळ बसवली ती मीच. बहीण पुण्यात असते, तिच्याकडे पाइपचा गॅस. तो हवेपेक्षा हलका, वर जातो. तिथलं ऐकलेलं मी सिलिंडरला लावलं.

दोन्ही समजुती एका सकाळी गेल्या. थंडीचे दिवस होते. रात्री मीच नवीन सिलिंडर जोडला होता. आमच्याकडे ओटा नव्हता. शेगडी स्टुलावर, सिलिंडर बाजूला, आणि कोपऱ्यात पाणी तापवायची चूल, पऱ्हाटी भरलेली. आई पाटावर बसली होती, हातात काडेपेटी.

"वास येऊन रायला, बाबू."

मी उभा होतो. मला काहीच येत नव्हता. "नवीन सिलिंडर आहे, थोडा येतोच," म्हणालो आणि वरच्या जाळीकडे बोट दाखवलं.

"वर काय पायतं? खाली बस!"

बसलो. गुडघ्याच्या उंचीवर आलो आणि वास नाकात शिरला.

आईने काडेपेटी ठेवून दिली. आम्ही बटण न दाबता पुढचं-मागचं दार उघडलं. रेग्युलेटर बंद करून काढला, टोपी लावली, सिलिंडर अंगणात नेला. सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग एका बाजूने चिरली होती. सिलिंडर देणाऱ्याने नवी बसवली, जोडावर साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडा आला नाही. जोडल्यावर हे पाणी मी टाकायला हवं होतं.

आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, आणि त्यांना जवळजवळ वासच नसतो. वास असतो मुद्दाम घातलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा. तो अगदी कणभर लागतो, कारण आपलं नाक या एका गोष्टीत फार तिखट आहे. गॅस पेट घेण्याइतका साचायच्या कितीतरी आधी, म्हणजे त्या प्रमाणाच्या पाचव्या भागालाच, वास कळावा असा हिशोब असतो. या वासाची सक्ती अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९३७ साली एका शाळेत झालेल्या स्फोटानंतर झाली. न्यू लंडन गावच्या त्या शाळेत बिनवासाचा गॅस जमिनीखालच्या पोकळीत साठला, यंत्राच्या ठिणगीने पेटला आणि सुमारे ३०० मुलं-शिक्षक गेले. कुणालाच कळलं नव्हतं.

सिलिंडर संपत आला की वास वाढतो, हे आई नेहमी म्हणायची आणि मी हसायचो. तेही खरं निघालं. मर्कॅप्टन गॅसपेक्षा सावकाश उडतो, म्हणून तळाशी त्याचं प्रमाण वाढत जातं.

आता खाली बसण्याचं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. वारा नसला की गळलेला गॅस पाण्यासारखा पसरतो आणि सखल जागा शोधतो. आमचा उंबरठा चार बोटं उंच, म्हणजे त्याला बांधच. मोरीच्या भोकातून मात्र तो उतरतो. पंखा लावला तर तो हवेत मिसळतो, पण बटणाची ठिणगी आधी पडते.

मी हिशोब केला. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंच. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की तो पेटू शकतो. सगळ्या खोलीत एवढा व्हायला सव्वा किलोच्या आसपास गॅस लागेल. पण तोच जमिनीलगतच्या फूटभर थरात राहिला, तर साधारण सव्वाशे ग्रॅम पुरतात. न पेटवता उघडी राहिलेली मोठी शेगडी पाऊण तासात तेवढा सोडते. आणि आमची चूल त्याच थरात होती.

नाकावर सगळा भार टाकता येत नाही, हेही मान्य करतो. सर्दीत वास येत नाही, झोपेत तो माणसाला हमखास उठवत नाही, आणि थोडा वेळ वासात बसलं की नाक सरावतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं त्या दिवसापासून मी म्हणत नाही.

वरची जाळी राहू दिली. जमिनीलगत अंगणाच्या बाजूला दोन नवी भोकं पाडली, ओटा बांधला, चूल बाहेर पडवीत नेली. तुमच्या घरात सिलिंडर आणि चूल एका खोलीत असेल, तर आधी चूल हलवा. आणि वास आलाच तर बटणाला हात न लावता अंगणात जाऊन १९०६ हा नंबर फिरवा.